जठरामागचा लाल दोरा

सिल्लोडचे इलियासमामा आमच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागाचे परिचर होते. अठ्ठावीस वर्षं. मी तिथंच शिकवत होतो. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची खात्री नाही. पण दुसरं कुणी लिहील असंही वाटत नाही.

देहदानातून आलेले देह टाकीतून काढणं, पुसणं, सुकू न देणं हे त्यांचं काम. शवविच्छेदन मात्र ते बघून बघून शिकले होते आणि आम्हा शिक्षकांपेक्षा त्यांचा हात हलका होता. परीक्षेसाठीचे देह तेच तयार करायचे. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक रक्तवाहिनीला ते तिच्या ठरलेल्या एका रंगाचे दोन दोरे बांधत, एक जिथून ती निघते तिथं आणि दुसरा जिथं ती पोचते तिथं.

"क्रांती चौकात रिक्षात बसला आन् गुलमंडीला उतरला, तर दोन्ही ठावं पायजेत," असं मुलांना सांगत. "नुसतं मधी बघून काय कळतंय?"

पुरवणी परीक्षेचा तो दिवस. तनुजा नावाची मुलगी समोर होती. आधीच्या तोंडी परीक्षेत घाबरून नापास झालेली. या वेळी राहिली तर तिची बॅच पुढं निघून जाणार होती. बाहेरगावचे परीक्षक टेबलाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मामा दाराशी स्टुलावर.

देहाचं पोट उघडं होतं. जठर खालच्या कडेनं सोडवून वर, बरगड्यांकडं उलटवून ठेवलं होतं. त्यामुळं ज्यावर जठर टेकतं तो सगळा बिछाना दिसत होता. तनुजानं तो बरोबर सांगितला. मधे आडवं स्वादुपिंड, त्याच्याखाली आडव्या आतड्याचा पडदा, वर डाव्या मूत्रपिंडाचं टोक आणि त्यावरची अधिवृक्क ग्रंथी, वर मागं श्वासपटल, डावीकडं प्लीहा. जठराला लागून असलेल्या आतड्याच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या पहिल्या भागामागून कोणती धमनी जाते, हेही सांगितलं. गॅस्ट्रोड्युओडेनल, मागच्या भिंतीतला अल्सर खोल गेला तर हीच फुटते.

मग परीक्षकांनी चिमट्यानं स्वादुपिंडाच्या शेपटाजवळची एक रक्तवाहिनी दाखवली. तिला लाल दोरा होता.

"ही?"

"स्प्लेनिक आर्टरी, सर. प्लीहेकडं जाणारी."

"आर्टरी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेनं जाते, नागमोडी. ही सरळ आहे आणि मागून येतेय. मागून काय जातं?"

"व्हेन, सर. पण..."

"पण काय?"

तनुजाचा आवाज उतरला. "बोटांत गोल लागतेय, सर. व्हेन चपटी झाली असती."

परीक्षकांनी हात लावला नाही. गुणपत्रिकेवर पेन टेकवलं. एखाद्या देहात ही धमनी स्वादुपिंडाच्या मागून जाते, हे मला माहीत होतं. पण याच देहात तसं आहे की नाही, याची मला खात्री वाटेना. माझे हात टेबलाच्या कडेवरच राहिले.

मामा पाण्याचा फवारा घेऊन आले. परीक्षा चालू असताना परिचरानं बोलायचं नाही, हा नियम. ते बोललेही नाहीत. त्यांनी स्वादुपिंडाची वरची कड बोटानं अलगद उचलली आणि आत फवारा मारला. महाधमनीतून निघालेलं सीलिअक खोड तिथं दिसलं, त्याला फुटलेल्या तीन फांद्या दिसल्या. त्यातल्या डावीकडं वळून स्वादुपिंडामागं जाणाऱ्या फांदीला दुसरा लाल दोरा होता.

"शिपाई शिकवणार आहे का?" परीक्षक म्हणाले.

मामा हात काढून मागं सरले. आता मीच बोलायला हवं होतं.

"सर, हे विच्छेदन त्यांनीच केलंय," मी म्हणालो. "मुलीचं उत्तर तुम्ही विचारल्यावर लगेच आलं होतं. पाणी त्यानंतर पडलं. आपण एकदा बोटानं मागोवा घेऊ या का?"

 परीक्षकांनी खोडापासून बोट सरकवत नेलं. स्वादुपिंडामागून ते शेपटाशी, पहिल्या दोऱ्यापाशी निघालं.  त्यांनी पेन उचललं, आकडा लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला. तनुजा पास झाली.

संध्याकाळी मामा टेबलं पुसत होते. मी विचारलं, "मामा, मी बोललो नसतो तर? तुमच्यावर मेमो निघाला असता."

"कशाचा मेमो, सर? सुकाया लागलं व्हतं. पाणी मारणं माझी ड्युटीच हाय." त्यांनी कापड पिळलं. "पण तुमाला पयलंच ठावं व्हतं ना?"

"खात्री नव्हती."

"मंग हात लावून बघायचा व्हता की."

एवढं बोलून त्यांनी जठर परत खाली आणलं, बिछान्यावर ठेवलं आणि वर ओलं फडकं घातलं.

मामा निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. तो बिछाना विभागाच्या संग्रहालयात काचेच्या बरणीत आहे, दोन्ही लाल दोऱ्यांसकट. बरणीवरची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडं आलं. विच्छेदन कुणी केलं हे चिठ्ठीवर घालायची तिथं रीत नव्हती. मी घातलं.