कंसातून गेलेले नाव

दिनांक ११ एप्रिल २०१६, सोमवार. रूसे शहरातील लोकसंस्कृती संस्थेच्या वार्षिकासाठी आलेल्या, क्रुम पास्कालेव यांच्या लेखाच्या सहाव्या पानावर एका वाक्याच्या शेवटी कंसात 'चोलाकोवा २००४' असा उल्लेख होता. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी तो उल्लेख तेथे नव्हता. वाक्य होते तसेच होते, त्यातील एक अक्षरही हललेले नव्हते. फक्त कंसात आता 'मालचेव १९८७' असे होते. दोन्ही वेळा लेख तपासणारी व्यक्ती एकच होती आणि तिचे नाव राइना चोलाकोवा. तक्रार एवढ्यापुरतीच आहे; परंतु ती समजावी म्हणून या बाईंविषयी थोडे सांगणे भाग आहे.

राइना चोलाकोवा या संस्थेत प्रमुख साहाय्यक होत्या. हे पद ऐकायला भारदस्त आहे आणि त्यावर माणूस निवृत्तही होऊ शकतो. डॉक्टरेट झाली त्या वर्षी तेव्हाच्या संपादकांनी त्यांना सांगितले होते, "तात्पुरतं वार्षिकाचं तेवढं बघा." ते तात्पुरते काम त्यांच्या केसांबरोबर पिकले. काम असे की, लेखाच्या मजकुरात कंसात ज्या ज्या ग्रंथाचा उल्लेख आहे, त्याची नोंद शेवटच्या संदर्भसूचीत आहे की नाही हे पाहायचे. आणि सूचीत जी जी नोंद आहे, तिचा मजकुरात कुठेतरी उल्लेख आहे की नाही हे उलट दिशेने पाहायचे. मजकुरात आहे पण सूचीत नाही, तो उल्लेख पोरका. सूचीत आहे पण मजकुरात नाही, ती नोंद आगंतुक.

बाई हे काम कागदावर, दोन रंगांच्या पेन्सिलींनी करीत. निळ्या पेन्सिलीने मजकुरातील प्रत्येक कंस अधोरेखित करायचा, सूचीत त्याची जोडी शोधायची आणि दोन्हीकडे खूण करायची. नाव जुळले म्हणून भागत नसे, वर्षही जुळावे लागे. एकाच लेखकाची एकाच वर्षाची दोन पुस्तके असली तर वर्षापुढचे 'अ' आणि 'ब'ही. तळटिपा आणि चित्रांखालच्या ओळी त्या शेवटी वाचत, कारण लेखकांना तिथे उल्लेख केल्याचे आठवत नसते. मग लाल पेन्सिल घेऊन सूची खालून वर वाचायची आणि खूण नसलेल्या नोंदीला गोल करायचा. शेजारच्या टेबलावर बसणारी फानी, जी छायाचित्रांचा संग्रह सांभाळत असे, या कामाला हजेरी म्हणायची.

"झाली का गं हजेरी?" ती विचारायची. "कोण गैरहजर आज?"

"गैरहजर दोघं. आणि एक आहे, वर्गात नाव नाही तरी येऊन बसलाय."

"मालचेव साहेब असणार."

बहुधा तेच असत. प्राध्यापक दोब्रोमीर मालचेव हे संस्थेचे संचालक, वार्षिकाचे प्रमुख संपादक आणि बढती समितीचे अध्यक्ष. मठांतील कोरीव कामावर त्यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले एक जाड पुस्तक आहे. संस्थेतील कोणताही लेख, मग तो गाढवाच्या खोगिरांविषयी का असेना, त्याच्या संदर्भसूचीत हे पुस्तक असायचेच. मजकुरात त्याचे कामच नसे. सूचीत त्याला स्थान देणे हा शिष्टाचार होता, जसे लग्नात न जेवणाऱ्या पाहुण्यासाठीही ताट मांडतात. शिवाय या शिष्टाचाराला फळ होते. कोणाच्या लिखाणाचा किती वेळा आधार घेतला गेला, याची गणती करणारी यंत्रणा मजकूर वाचत नाही, फक्त सूची वाचते. त्यामुळे साहेबांच्या आधारांची संख्या दरवर्षी वाढत होती, आणि पुस्तक मात्र ग्रंथालयात जोडलेली पाने न कापता, म्हणजे कोणी न वाचता, उभे होते.

बाईंच्या गणतीची गोष्ट वेगळी होती. त्यांना सहयोगी प्राध्यापक व्हायचे होते आणि त्यासाठी एक आधार कमी पडत होता. बाकी सर्व अटी त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. २००४ साली त्यांनी एक लेख लिहिला होता. पूजेच्या पावावर उमटवायचे जुने लाकडी ठसे मठांच्या कर्मशाळांत कोरले जात, असे सर्वजण धरून चालले होते. मालचेवांच्या पुस्तकातही तसेच होते. बाईंनी गावोगाव फिरून, घराघरांतील ठसे हातात घेऊन दाखवून दिले की त्यांतील बहुतेक मेंढपाळांनी हिवाळ्यात, मेंढ्या कोंडलेल्या असताना कोरले आहेत. लेख चांगला होता. चांगल्या लेखांचे जे होते तेच त्याचे झाले: लोकांनी तो वाचला, मान्य केला आणि कोणाकडून ऐकले ते विसरून गेले.

म्हणूनच त्या सोमवारी सहाव्या पानावर स्वतःचे नाव दिसले तेव्हा त्यांच्या हातातील निळी पेन्सिल क्षणभर थांबली. 'हे ठसे मठांत नव्हे, तर मेंढपाळांच्या हातून घडले,' असे पास्कालेव यांनी लिहिले होते आणि प्रामाणिकपणे कंस घातला होता. बाईंनी सूची उघडली. 'च' या अक्षराखाली त्यांचे नाव नव्हते. नोंदच राहून गेली होती.

"अगं, मग लिही ना स्वतःच," फानी म्हणाली. "एक ओळ. कुणाला कळतंय?"

"मला."

"तुला कळून काय होणार आहे? तू काय समितीत आहेस?"

बाईंचा एक नियम होता. तपासणाऱ्याने दाखवायचे, घालायचे किंवा काढायचे ते लेखकाने. दुसऱ्याच्या लेखासाठी हा नियम पाळायला सोपा होता. त्यांनी पास्कालेव यांना नेहमीच्या भाषेत शंकापत्रक पाठवले. पहिली शंका: पान सहा, 'चोलाकोवा २००४', सूचीत नोंद नाही, कृपया नोंद पुरवावी. दुसरी शंका: सूचीत 'मालचेव १९८७', मजकुरात उल्लेख आढळत नाही, कृपया उल्लेख कोठे आहे ते दाखवावे किंवा नोंद वगळावी. दुसऱ्या शंकेतील 'वगळावी' हा शब्द त्या दरवर्षी लिहीत, आणि दरवर्षी तो कोणाच्या डोळ्यांना दिसत नसे.

शुक्रवारी पास्कालेव स्वतः आले. एका हातात दुरुस्त प्रत, दुसऱ्या हातात तेलकट कागदात गुंडाळलेली, चीज भरलेली बानित्सा. मनाने माणूस वाईट नव्हता, हे नोंदवून ठेवणे न्याय्य होईल. आळशी माणसे सहसा वाईट नसतात.

"बाई, तुमच्या दोन्ही शंका मिटवल्या," खुर्ची ओढत ते म्हणाले. "एका फटक्यात."

बाईंनी सहावे पान काढले. वाक्य वाचले, कंस वाचला, पुन्हा वाक्य वाचले.

"नोंद घालायला सांगितली होती मी."

"नोंद म्हणजे अंक शोधा, पानं शोधा. तो अंक माझ्याकडे नाहीये. म्हटलं, कंसच काढू. आणि साहेबांचं पुस्तक सूचीत नुसतं लोंबकळत होतं, त्याला तिथे बसवलं. आता करा हजेरी. दोन्हीकडे सारखं."

"अहो, पण हे म्हणणं माझं आहे."

"वाक्य तर मी लिहिलंय."

"वाक्य तुमचं. म्हणणं माझं. आणि साहेबांच्या पुस्तकात बरोबर याच्या उलट आहे."

पास्कालेव यांनी बानित्साचा एक घास घेतला. "वाचलंय कुणी ते?"

"मी वाचलंय."

"मग तुम्ही एकट्याच. बाकी कुणाला त्रास व्हायचं कारण नाही."

"मी अंक सांगते, पानं सांगते. दोन मिनिटांत नोंद होते."

"हे बघा बाई," ते खुर्ची पुढे सरकवून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही यंदा बढतीला अर्ज करताय. तपासणारी तुम्ही, आणि तपासणीनंतर सूचीत नाव तुमचं. लोक काय म्हणतील? स्वतःच घुसवलं म्हणतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

हा युक्तिवाद इतका सभ्य होता, आणि बाईंच्या स्वतःच्या नियमातूनच इतका नेमका उचललेला होता, की बाईंनी सहावे पान पुन्हा गठ्ठ्यात ठेवले. पास्कालेव बोटे पुसत निघून गेले. फानीने कॉफीचा पेला बाईंकडे सरकवला.

दुपारी बाई संचालकांच्या खोलीत गेल्या. पिशवीत त्या जाड पुस्तकाची त्यांची स्वतःची प्रत होती आणि मठांच्या कर्मशाळांविषयीच्या पानावर खुणेची चिठ्ठी होती. साहेबांनी चष्मा लावून पास्कालेव यांचे वाक्य वाचले. मग पुन्हा, या वेळी सावकाश, मोठ्याने वाचले.

"मेंढपाळांच्या हातून," ते म्हणाले. "हे मी सत्त्याऐंशी सालीच म्हटलं होतं?"

"सर, तेच सांगायला आले. पुस्तकात—"

"तेव्हा कुणी ऐकायला तयार नव्हतं, बरं का. काळाच्या फार आधीच म्हणून गेलो म्हणायचं." त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढे निर्मळ समाधान होते, की पिशवीत गेलेला बाईंचा हात तसाच राहिला. "पास्कालेव चांगला वाचक निघाला. आणि तुमचं काय, राइना? अर्ज करताय ना? समितीत मी आहेच."

"एक आधार कमी पडतोय, सर."

"अरेरे. लोक वाचत नाहीत हल्ली," साहेब मनापासून म्हणाले. "यादी जुळली ना सगळी?"

"जुळली."

"मग करून टाका सही."

बाईंनी टेबलावर परत येऊन पुन्हा हजेरी घेतली. एकही उल्लेख पोरका नव्हता, एकही नोंद आगंतुक नव्हती. इतक्या वर्षांत इतका निर्दोष लेख त्यांच्या हाती आला नसेल. छापील पत्रकावर मजकूर एवढाच असतो: 'मजकुरातील उल्लेख व संदर्भसूची परस्परांशी जुळतात.' यात खोटे काहीच नव्हते. त्या ग्रंथात खरोखर ते म्हटले आहे काय, असा प्रश्न त्या पत्रकावर नाही. तो लेखाच्या परीक्षकांचा प्रांत, आणि परीक्षकांचा समज असा की सूची तपासली आहे म्हणजे तेही पाहिले असेलच. बाईंनी सही केली. त्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही.

पुढे जे घडले त्यात कोणाचाही दुष्टपणा नाही, म्हणून त्यावर इलाजही नाही. दुसऱ्या शहरातील एका संशोधिकेने पास्कालेव यांचा लेख वाचला आणि मेंढपाळांचा मुद्दा मालचेव यांच्या नावे मांडला. मूळ पुस्तक उघडण्याची गरज तिला वाटली नाही, कारण नोंद पूर्ण होती. तिच्यावरून आणखी कोणी घेतला. २०१८च्या शरद ऋतूत बाईंनी त्याच ठशांवर नवा लेख लिहून सोफियातील एका नियतकालिकाकडे पाठवला. निनावी परीक्षकाचा अभिप्राय आला. लेख अभ्यासपूर्ण आहे, एकच गंभीर उणीव: हा विचार प्रथम मांडणारे मालचेव (१९८७) यांचा लेखिकेने कोठेही उल्लेख केलेला नाही, तो मजकुरात करावा आणि सूचीत नोंद घालावी, अन्यथा लेख स्वीकारता येणार नाही.

फानीने तो कागद दोनदा वाचला.

"घालून टाक," ती म्हणाली. "एक कंस, एक ओळ. लेख तर छापून येईल. त्यावर कुणी तुझं नाव घेईल, तुझी गणती पुरी होईल."

"माझंच म्हणणं त्यांच्या नावानं लिहू?"

"बाकी सगळे लिहितायत."

"ते अजाणता लिहितात."

"तुझं जाणतेपण कुठल्या अर्जात भरायचं गं?" फानी म्हणाली, आणि तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

बाईंनी लेख मागे घेतला. आजही त्या प्रमुख साहाय्यकच आहेत आणि वार्षिकाचे तात्पुरते काम बघतात. साहेब सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात वक्त्याने मेंढपाळांचा उल्लेख आवर्जून केला. संपादक मंडळाकडे शुद्धिपत्राची लेखी मागणी दोनदा करण्यात आली. दोन्ही वेळा उत्तर आले की, संबंधित लेखातील उल्लेख व सूची परस्परांशी जुळत असल्याने त्यात दुरुस्तीयोग्य चूक आढळत नाही.

म्हणून ही मागणी आता वाचकांकडे आहे. ज्यांच्याकडे २०१६चे वार्षिक आहे त्यांनी मालचेव यांचे १९८७चे पुस्तक आणि चोलाकोवा यांचा २००४चा लेख काढून स्वतः वाचावा. त्यानंतर संपादक मंडळाला आपल्या नावानिशी पत्र लिहावे की, पास्कालेव यांच्या लेखातील मेंढपाळांविषयीच्या वाक्यापुढील उल्लेख बदलून, सूचीत राहिलेली नोंद घालून, शुद्धिपत्र छापण्यात यावे. आणि आपल्यापैकी जे लिहितात, त्यांना कोणी एखाद्या उल्लेखाची नोंद मागितली, तर त्यांनी नोंद शोधून द्यावी. उल्लेख पुसू नये.