उझोत पाणी कोणी घातलं?

कवडू लांजेवार सव्वीस वर्षं लोकांना दारू ओततोय आणि स्वतः थेंबाला शिवलेला नाही. कामठीहून शेअर ऑटोनं यायचं, सदरमधल्या हॉटेलचा बार सांभाळायचा, परत जायचं. अशा माणसाला परवा दुपारी, बार उघडायच्या आधी, आचारी आणि दोन वेटरांसमोर चोर म्हटलं गेलं.

म्हणणारा गौरांग. तीन महिन्यांपूर्वी आलेला मॅनेजर, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. त्याच्या हातात उझोची बाटली होती, बडीशेपेच्या वासाची ग्रीक दारू. एरवी पाण्यासारखी नितळ असते. परवा मात्र पांढुरकी होती, आत कणही तरंगत होते.

"काका, ही पाण्यानंच पांढरी होते, मला माहीत आहे. अर्धी ढोसून वरून नळ सोडला ना? उद्यापासून येऊ नका."

कवडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानं आधी विचारलं, "बाटली होती कुठं?"

"डीप फ्रीजरमध्ये. व्होडकासोबत मीच ठेवली."

"तुमीच ठेवली, अन् चोर मी!"

त्यानं पातेल्यात कोमट पाणी घेतलं, बाटली त्यात उभी केली आणि हाताची घडी घालून थांबला. हळूहळू कण विरघळले, धुकं गेलं, बाटली पुन्हा नितळ झाली.

"पाहा. यात बडीशेपेच्या वासाचं तेल असते. दारूत विरघळते, पाण्यात नाई. लई थंडी लागली का गोठून वर येते, गरम झालं का परत विरघळते. मी पाणी टाकलं असतं त बाटली गरम होऊनही पांढरीच राहिली असती!"

मग त्यानं ग्लासात थोडी उझो ओतली आणि दुप्पट गार पाणी सोडलं. पाहता पाहता दूध झालं. पाणी वाढलं की तेलाचे बारीक थेंब सुटतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. हे त्याला खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आलेल्या एका तुर्की इंजिनिअरनं, त्यांच्याकडेही अशीच दारू पितात म्हणून, इथेच बसून समजावलं होतं.

"बर्फ पाण्यानंतर," कवडू म्हणाला. "आधी टाकला त गोठून कण होते. अन् गटागटा नाई, काहीतरी खात खात, घोट घोट प्यायची. सव्वीस वर्षांत मले एवढं तरी समजलं, साहेब. तुमाले विचारायचंही सुचलं नाई."

गौरांगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी पुटपुटला, "सॉरी काका, गैरसमज झाला. जाऊ द्या."

कवडूनं तो हात बाजूला केला.

"चोर चौघांसमोर म्हटलं, अन् सॉरी कानात काहून सांगून राहिले?"

आचारी जागचा हलला नाही. वेटरही थांबले. गौरांगचे कान लाल झाले. त्यानं त्यांच्याकडे वळून घसा खाकरला.

"मोठ्यानं," कवडू म्हणाला.