घरचा दर, परका दर

माझ्या साळीला आमच्या कारखान्यात मीच लावलं. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता कोणी भेटलं की तेच आधी म्हणतात, "हो नं, तुम्हीच लावलं तिले." म्हणजे मी कौतुकाचा पत्ता दाखवायला जातो आणि कौतुक तिच्या घरी उतरतं.

साळी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. बायकोपेक्षा चौदा वर्षांनी लहान. फायनान्सचं शिकून आली तेव्हा भिलईत तिच्या जोगतं काम नव्हतं. मी औद्योगिक वसाहतीतल्या ओतकामाच्या कारखान्यात तेव्हा वीस वर्षं हिशेब आणि बँकेची कामं पाहत होतो. कारखान्याचे मालक सेठजी, त्यांना म्हटलं, पोरगी हुशार आहे. सेठजी म्हणाले, "भाऊ, आपकी साली है तो अपनी ही हुई." मी गर्वाने घरी गेलो. तेव्हा बायकोने माझ्यासाठी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. आता रविवारी ती करते, पण पहिली, कुरकुरीत, कडेची वडी बहिणीच्या ताटात पडते. मी बघतो. मी मोजतो. मोठ्या माणसाने वड्या मोजू नयेत हे मला कळतं, तरी मोजतो.

गोष्ट घडली ती परकीय चलनाचं टेबल पाहणारे जुने मॅनेजर निवृत्त व्हायच्या महिन्यात. त्यांचं टेबल खिडकीजवळ, एसीच्या ऐन खाली. बावीस वर्षं मी त्या टेबलाकडे दारातून पाहिलं होतं. आता ते माझं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. फक्त सेठजींनी ठरवायचं राहिलं होतं.

त्याच वेळी आम्ही एक नवी भट्टी मागवली होती. बिल डॉलरमध्ये, पाच लाख डॉलरचं, पैसे सहा महिन्यांनी द्यायचे. तेव्हा डॉलर त्र्याऐंशी रुपयांना होता. सेठजींची चिंता एकच, की सहा महिन्यांनी तो वर गेला तर काय. साळीने सुचवलं की बँकेकडून कॉल ऑप्शन घ्यावा. म्हणजे आत्ता थोडा प्रीमियम भरायचा, आणि सहा महिन्यांनी चौऱ्याऐंशी रुपयांना डॉलर घ्यायचा हक्क आपल्याकडे ठेवायचा. बाजारात डॉलर सत्त्याऐंशी झाला तरी आपल्याला चौऱ्याऐंशीलाच. ऐंशी झाला तर हक्क सोडून द्यायचा आणि स्वस्तात घ्यायचा. प्रीमियम तेवढा गेला.

रायपूरच्या बँकेने प्रीमियमचे डॉलरमागे अठ्ठ्याण्णव पैसे सांगितले. साळीने घासाघीस करून नव्वदवर आणले. सेठजी सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "वाह बेटा!" मला बावीस वर्षांत 'वाह' मिळालं नव्हतं. 'ठीक है' पुष्कळ मिळाले.

त्या दिवशी मी घरी जाऊन माझ्या कॉलेजातल्या मुलाचं फायनान्सचं पुस्तक शोधलं. त्यात चलनाच्या ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र होतं. मला वाटलं, बघू तर खरं, नव्वद पैसे बरोबर आहेत का. नसले तर?

सूत्र भीतीदायक दिसतं, पण मांडणी साधी आहे. आजचा डॉलरचा भाव घ्यायचा आणि डॉलरच्या व्याजदराने सहा महिन्यांचा वटाव कापायचा. ठरलेला भाव घ्यायचा आणि रुपयाच्या व्याजदराने वटाव कापायचा. दोघांना आपापल्या शक्यतेच्या आकड्याने गुणायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. त्या शक्यतेच्या आकड्यांत दोन्ही व्याजांतला फरक आणि डॉलर वर्षात किती हलतो तो आकडा बसलेला असतो. पुस्तकात एक व्याज 'घरचं' आणि एक 'परकं' असं लिहिलं होतं.

मी आकडे भरले. भाव त्र्याऐंशी, ठरलेला भाव चौऱ्याऐंशी, मुदत अर्धं वर्ष, चढउतार चार टक्के. व्याजं होती पाच टक्के आणि सात टक्के. उत्तर आलं एकोणतीस पैसे.

एकोणतीस! बँक नव्वद मागून राहिली होती, आणि सेठजी 'वाह बेटा' म्हणत होते. मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा गणित केलं. पुन्हा एकोणतीस. माझ्या हातून आनंदाने चहा सांडला. बायको म्हणाली, "काय झालं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीले नाही लागली, येवढं पक्कं."

"असं कावून बोलता तुम्ही?" ती दुखावून म्हणाली. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन थेट सेठजींच्या केबिनमध्ये गेलो. सेठजींनी साळीलाही बोलावलं. मी कागद टेबलावर ठेवला, चष्मा वर केला, आणि जुने मॅनेजर करायचे तशी मान हलवून म्हणालो, "सेठजी, नव्वद पैसे म्हणजे तिप्पट भाव झाला. सूत्राने एकोणतीस येतात."

सेठजींचे डोळे मोठे झाले. "तीन गुना? बेटा, ये क्या है?" आणि त्यांनी फोन हातात घेतला. "अभी बोलता हूँ बैंक को, उनतीस में देना है तो दो, नहीं तो हम ऐसे ही बैठेंगे."

साळीने कागद उचलला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला फार आवडलं नाही. तिने एकदा वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि घरी बोलते तसंच बोलली, "जिजाजी, एक सांगा नं. तुमच्या या आकड्याइनं सहा महिन्यांचा फॉरवर्ड किती येऊन राहिला?"

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेचा आज ठरवलेला डॉलरचा भाव. ते मी बावीस वर्षं केलं होतं. मी पेन घेतलं. घरचं व्याज वजा परकं व्याज, गुणिले अर्धं वर्ष, आणि त्याने आजचा भाव फुगवायचा. माझ्या कागदावर घरचं पाच आणि परकं सात होतं, म्हणून फरक आला उणे दोन. भाव फुगायच्या जागी आकसला. ब्याऐंशी रुपये सतरा पैसे.

पेन थांबलं. बावीस वर्षांत मी कितीतरी फॉरवर्ड बुक केले, आणि दर वेळी आजच्या भावापेक्षा जास्त दिला. रुपयाचं व्याज जास्त, म्हणून पुढचा डॉलर महाग. हे मी नव्या क्लार्कांना शिकवलं होतं. आणि माझ्या स्वतःच्या कागदावर पुढचा डॉलर आजच्यापेक्षा त्र्याऐंशी पैशांनी स्वस्त झाला होता.

कुठे चुकलं तेही तिथेच दिसलं. पुस्तकातलं उदाहरण अमेरिकेतल्या कंपनीचं होतं. ती पौंड घेत होती, म्हणून तिच्यासाठी घरचं चलन डॉलर. मी ती जागा जशीच्या तशी उचलली आणि डॉलरचं पाच टक्के घरच्या रकान्यात भरलं. पण भिलईत बसून बिल भरणाऱ्याचं घर रुपयाचं आहे, हे मला कोणी सांगावं लागू नये.

सेठजींचा अंगठा नंबर शोधत होता. साळी माझ्या पेनकडे पाहत होती. माझ्याजवळ अगदी पाच सेकंद होते. मी गप्प बसलो असतो तर सेठजींनी फोन केला असता, बँक हसली असती, आणि आमची भट्टी बिना हक्काची, डॉलरच्या भरवशावर राहिली असती. किंवा साळीनेच सगळं उलगडून सांगितलं असतं, आणि ते मला सगळ्यात नको होतं.

"थांबा, सेठजी," मी म्हटलं. "उलटं भरलं मी."

दोन आकडे अदलाबदल केले. सात घरचं, पाच परकं. फॉरवर्ड आला त्र्याऐंशी रुपये त्र्याऐंशी पैसे, म्हणजे ठरलेल्या चौऱ्याऐंशी रुपयांच्या अगदी जवळ. आता हक्क खरोखर कामाचा वाटला. त्या हक्काची किंमत आली चौऱ्याऐंशी पैसे. बँकेचे नव्वद म्हणजे लूट नव्हती. तिचा नफा सहा पैसे होता.

सेठजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डाकडे पाहत राहिलो. मग साळी म्हणाली, "सेठजी, जिजाजींचा चौऱ्याऐंशी बरोबर आहे. हा दाखवून आपण आणखी मागू शकतो." आणि तिने फोन लावला. बँकेवाल्याशी पाच मिनिटं बोलली. सौदा सत्त्याऐंशीला झाला.

'जिजाजींचा चौऱ्याऐंशी'. ऐकलं तुम्ही? तिने माझ्या चुकीतून माझ्यासाठी एक आकडा काढला आणि माझ्या नावावर लावला. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्यांचा हेवा वाटतो ती माणसं वाईट वागली की बरं वाटतं. ती चांगली वागली की माणूस कुठे पाहणार?

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी विचारलं, "तुले पाहताच कळलं होतं नं?"

"हाव."

"मग सेठजींसमोर कावून नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "मले वाटलं, तुमाले फॉरवर्ड विचारला की तुम्हीच चूक पकडसान. फॉरवर्ड तर तुम्हीच मले शिकवला."

हेही खरं होतं. पहिल्या वर्षी, तिच्या पहिल्या आठवड्यात, मीच शिकवला होता. विसरलो होतो.

टेबल तिला मिळालं. सेठजींनी सोमवारी सांगितलं. मला म्हणाले, "भाऊ, हर सौदा आप भी जाँच लिया करो." बावीस वर्षांनी मला तपासनिसाचं काम मिळालं, खिडकीशिवाय. बायकोने बातमी ऐकली आणि रविवारी खीर केली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

आता माझ्या कागदावर रकान्यांची नावं बदलली आहेत. तिथे 'घरचं' आणि 'परकं' नाही, 'रुपया' आणि 'डॉलर' असं ठसठशीत लिहिलेलं आहे. ते तिच्याच अक्षरात आहे, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सौदा आला की मी माझं गणित तिच्या आधी करतो आणि तिच्या उत्तराची वाट पाहतो. तिचा आकडा एका पैशाने तरी वेगळा यावा, अशी माझी साधी इच्छा असते.

परवा आला. माझ्यापेक्षा एक पैसा जास्त. मी आनंदाने कॅन्टीनमध्ये जाऊन दोन चहा घेतले, एक माझा, एक तिच्यासाठी, आणि तिच्या टेबलाशी गेलो. एसीची हवा खरंच छान लागते तिथे.

"जिजाजी," ती म्हणाली, "तुमी अर्धं वर्ष धरलं का?"

"मग?"

"या सौद्याला अर्ध्या वर्षाहून जास्त, एकशे चौऱ्याऐंशी दिवस आहेत. मी मोजले."

मी तिचा चहा तिच्यासमोर ठेवला आणि माझा उभ्यानेच प्यायलो.