भागीतले दरवाजे

वसईत पापडी गावाजवळ अँजेलिना लोपीसचं हार्डवेअरचं दुकान होतं. बिजागऱ्या, कड्या, कुलपं, खिळे. नवरा सॅन्टन वारल्यावर तिने ते बंद केलं नाही, उलट वाढवलं. सुतार मंडळी तिला 'बाई' म्हणत आणि भाव फारसा न घासता माल नेत, कारण बाईच्या कुलपात खोट निघत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

सॅन्टनच्या आजारपणात सर्वांत जास्त धावला तो त्याच्या ओळखीचा जितेंद्र. सातिवलीला त्याचा एक गाळा होता. बंद पडलेल्या कारखान्यांचा माल उचलायचा आणि विकायचा, हा त्याचा धंदा. इस्पितळात रात्ररात्र तोच बसे. मयताच्या दिवशीही सगळी व्यवस्था त्यानेच पाहिली. तेव्हापासून अँजेलिना त्याला जितूच म्हणायची आणि तो तिला ताई. नाताळला तो तिच्याकडे जेवायला यायचाच.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात तो दुकानात आला तो घाईतच.

"ताई, एक लॉट आहे. फ्लश दरवाजे, पाचशे नग. कंपनी बंद होतेय, सहाशे रुपयांनी देतात. बाजारात नऊशेला डोळे झाकून जातील. पण रोख तीन लाख एकदम लागतात."

"मग माझ्याकडे का आलास? बँकेत जा."

"बँक कागद मागते, तुम्ही मागणार नाही," तो हसला. "एवढ्याच लॉटपुरतं भागीत करू. पैसे तुमचे. टेम्पो, हमाली, गाळ्याचं भाडं आधी मी भरीन, विकायची मेहनतही माझी. विक्रीवर मला पाच टक्के कमिशन. सगळा खर्च वजा करून जो नफा-तोटा राहील तो अर्धा-अर्धा."

अँजेलिना स्वतः जाऊन माल बघून आली. दरवाजे कोरडे, सरळ, जड होते. प्रत्येकाच्या वरच्या कडेला कंपनीचा निळा शिक्का होता. तिने पैसे दिले. तिच्या वहीत 'जितेंद्रबरोबरचा दरवाज्यांचा सौदा' असं वेगळं खातं उघडलं आणि तीन लाख नावे टाकले. असंच खातं जितूच्या वहीतही असणार होतं. त्याचा खर्च तिथे पडायचा, विक्री तिथे जमा व्हायची. शेवटी दोन्ही एकत्र करून हिशोब संपवायचा, असं ठरलं.

जूनपर्यंत तीनशे दरवाजे गेले. मग जुलै अखेरचा तो भयंकर पाऊस आला. वसईत कोणाच्या घरात पाणी शिरलं, हे विचारावं लागत नव्हतं. जितूचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता.

"ताई, गाळ्यात कमरेएवढं पाणी आहे. दोनशे दरवाजे फुगले. प्लाय सुटलाय."

"मी येते बघायला."

"येऊ नका हो, चिखलात कुठे येता? मी आहे ना."

ती गेली नाही. तिच्या स्वतःच्या दुकानातही पाणी होतं आणि खिळ्यांची पोती गंजत होती. शिवाय जितूच्या शब्दावर तपासणी करायला जाणं तिला कसंसंच वाटलं.

दिवाळीत हिशोब झाला. जितू म्हणाला, "फुगलेला माल असाच पडून राहिला, तर हा सौदा कधी बंद व्हायचा? मीच घेतो तो. शंभर रुपये नगाने. भंगारात घालीन."

तिने मान डोलावली. दोनशे दरवाज्यांचे वीस हजार विक्रीत धरले. तरीही भाडं, हमाली, कमिशन जाऊन सौदा तोट्यात गेला. निम्मा तोटा, एकवीस हजारांच्या वर, तिच्या वाट्याला आला. उरलेले पैसे तिला मिळाले. दोघांनी सही केली, खाती बंद झाली. वर तिनेच त्याची समजूत काढली, "पाऊस काय तुझ्या हातात होता?" त्याने मान खाली घातली. नाताळला येऊन नेहमीसारखा जेवलाही.

जानेवारीत जूचंद्रच्या एका नव्या इमारतीवरून सुमेध सुताराचा फोन आला. "बाई, तुमच्या कुलपाची पट्टी या दारांना बसत नाही. एकदा येऊन बघा."

ती रिक्षाने गेली. दुसऱ्या मजल्यावर दरवाजे भिंतीला टेकवून ठेवले होते. पट्टीचं माप घेण्यासाठी तिने एक दरवाजा आडवा करायला लावला. वरची कड समोर आली आणि तिचा हात थांबला. निळा शिक्का होता. तिने दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे कोरडे, सरळ. हाताने वाजवून पाहिले, तर भरीव आवाज.

"हे कधी आले?" तिने विचारलं.

"गणपतीच्या आधी. सातिवलीच्या जितेंद्रशेठकडून. पुऱ्या दोनशेची ऑर्डर होती."

गणपतीच्या आधी म्हणजे दिवाळीच्या हिशोबाच्या दोन महिने आधी. म्हणजे तिच्यासमोर बसून तो भंगाराचा भाव लावत होता, तेव्हा दरवाजे इथे पोहोचलेही होते. तिने सुमेधला पट्टी बदलून देते म्हणून सांगितलं आणि जिना उतरून खाली वाळूच्या ढिगाशी बराच वेळ उभी राहिली. तिला तोट्याचं इतकं नव्हतं. आपणच त्याची समजूत काढली होती, हे तिला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सातिवलीला गेली. जितूने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"जूचंद्रला दरवाजे पाहिले, जितू."

तो म्हणाला, "ताई, माल मी घेतला होता. ठरलेल्या भावाने. तुमची सही आहे. त्यानंतर मी तो कितीलाही विकला, तर त्याचा सौद्याशी काय संबंध?"

"घेतल्यानंतर विकला असतास, तर मी तोंड उघडलं नसतं. तू आधी विकलास. तेव्हा तो माल दोघांचा होता आणि विक्रीही दोघांची होती. शिवाय तो फुगलेला आहे, असं तू सांगितलंस म्हणून मी शंभरला मान डोलावली."

"धंद्यात असं चालतं, ताई."

"मला ताई म्हणू नकोस."

तिचे हिशोब बघणारे सदानंदकाका म्हणाले, "खरी विक्री धरून हिशोब पुन्हा मांडता येईल. तोटा जाऊन चांगला नफा निघेल आणि त्यातला अर्धा तुमचा. कोर्टात मात्र वर्षं जातील." मग त्यांनीच जितूला बोलावून घेतलं. इमारतीवरची पोच, तिची तारीख आणि त्याच्या सहीचा हिशोब शेजारी शेजारी ठेवले. फेब्रुवारीत सदानंदकाकांच्या हाती चेक आला, अर्ध्या नफ्याचा आणि परत केलेल्या तोट्याचा. सोबत एक शब्दही नव्हता.

अँजेलिनाने तो बँकेत भरला. पैसे तिचेच होते. पण घरी येऊन ती मुलीला, टिफनीला, म्हणाली, "एकदा येऊन चुकलो म्हणाला असता, तर मी चेक घेतलाही नसता कदाचित." हे खरं होतं की नुसतं तेव्हा तसं वाटलं होतं, हे तिला पुढेही कळलं नाही.

पुढच्या वर्षी भुईगावचा एरॉल तिच्याकडे आला. टाइल्सचा एक चांगला लॉट होता आणि त्याला निम्मा भाग द्यायचा होता. एरॉल सरळ माणूस. तो तिच्याच चर्चमधला, आणि सॅन्टनचा वर्गमित्र. त्याने माल दाखवायची, कागद करायची, वेगळं बँक खातं उघडायची तयारी आधीच सांगितली.

अँजेलिना ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "सगळा लॉट देत असशील तर एकटी घेते. अर्ध्यात नाही."

"बाई, एवढे पैसे तुमच्याकडे एकदम नाहीत, मला ठाऊक आहे."

"मग राहू दे."

एरॉलचा चेहरा पडला. आपल्यावर कसला संशय, हे त्याला समजलं नाही आणि तिने सांगितलंही नाही. त्याने नालासोपाऱ्याच्या दुसऱ्या व्यापाऱ्याबरोबर तो सौदा केला. दोघांना चांगले पैसे मिळाले, आणि एरॉलने दर महिन्याला हिशोब पाठवला, असं तिच्या कानावर आलं.

ते ऐकलं त्या दिवशी तिने दुकान जरा लवकर बंद केलं.