दहाच मिनिटं

मी बारा वर्षं फ्रेंच माहितीपुस्तिकांची भाषांतरं करतेय. धाकटी जाऊ हॉटेलच्या रिसेप्शनवर बसते, फ्रेंच शिकून तिला दोनच वर्षं झाली. तरी सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "फ्रेंच येतं ते आमच्या धाकटीला."

तिला आता दुभाषी व्हायचं होतं. एका मुरलेल्या दुभाषी बाईंना तिनं फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं आणि तपासायला माझ्याकडे दिलं.

पत्र चांगलं होतं, तेच मला खुपलं. आपण कोण, बाईंचं व्याख्यान कुठे ऐकलं, या कामात शिरावं कसं, एवढंच. तुमच्या सोयीच्या दिवशी फोनवर अर्धा तास बोलाल का? नोकरीचं नावही नव्हतं. मी याच बाईंना पूर्वी दोन पानं खरडून, बायोडेटा जोडून थेट काम मागितलं होतं. उत्तर आलं नाही.

एकही चूक सापडेना. मग मी 'अर्धा तास' खोडून 'दहा मिनिटं' केलं.

"मोठ्या माणसांचा वेळ जपावा," मी म्हटलं. मनात म्हटलं, दहा मिनिटांत काय दिवे लावणार आहेस.

तिसऱ्या दिवशी होकार आला. फोन पाऊण तास चालला. मी तेवढा वेळ एकच कपाट पुसत होते.

जाऊ बाहेर आली. "बाई म्हणाल्या, सगळे तासभर मागतात म्हणून मी टाळते. दहाच मिनिटं मागणारी समंजस वाटली."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बघ गं. मागावं कसं, ते हिच्याकडून शीक."