तीनशे चारमधली कौमुदी

विश्वंभरराव सबनीसांनी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षे गेटपास लिहिले. आत येणाऱ्याचे नाव काय, कोणाकडे जायचे, किती वाजता बाहेर पडला, हे सगळे त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात नोंदले जाई. एकदा खुद्द मालकाचे जावई पास नाही म्हणून वीस मिनिटे उन्हात उभे राहिले होते. ही गोष्ट विश्वंभरराव अजूनही सांगत, आणि दर वेळी ती मिनिटे थोडी वाढत. घरी मुलगी अवनी लहान असताना शेजारणीच्या पासवर सर्कस बघायला निघाली, तर त्यांनी तिला दारातून परत आणले. "दुसऱ्याच्या नावावर आत जायचं नाही," हे त्या घरातले ब्रह्मवाक्य होते. बायको शालिनी ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवी आणि तोंडाला पदर लावून हसे.

असा माणूस निवृत्त होऊन सोसायटीत रिकामा बसलेला, म्हटल्यावर गरब्याचे पास त्याच्याच गळ्यात पडायचे. नवरात्रात एरवी आपापसात खेळ चाले, पण आठमीला, म्हणजे अष्टमीच्या रात्री, मोठा वाद्यवृंद येई आणि आजूबाजूच्या चार सोसायट्या लोटत. मागच्या वर्षी एका पोरीने आपला पास ग्रुपवर टाकला, "बघा, माझा आला!" म्हणून. त्या एका चित्रावर चौदा जण आत गेले आणि ती स्वतः रडत दाराबाहेर उभी राहिली. मैदानात गर्दी इतकी झाली, की दोन म्हाताऱ्या पडल्या.

म्हणून या वर्षी विश्वंभररावांनी नियम केले. ग्रुपवर फक्त फॉर्मची लिंक. त्यात घर नंबर, नाव आणि फोन भरायचा. फोटोही मागणार होते, पण बायकांचे फोटो कुठे कुठे फिरतील, असे दोघीतिघी म्हणाल्या आणि ते राहिले. यादी ते स्वतः सोसायटीच्या नोंदीशी ताडून बघणार, आणि मग ज्याचा त्याला वेगळा पास खासगीत पाठवणार. दारावर कोड एकदा स्कॅन झाला की हिरवा, तोच पुन्हा आला की लाल. एका माणसाला एकच पास, पास चारशेच, आणि एकदा दिलेल्या पासवरचे नाव बदलायचे नाही, नाही तर पासांचा बाजार सुरू होतो. एखादा रद्द झाला तरच त्या जागी नवा. सेक्रेटरी देवश्री पंचविशीतली, बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "काका, तुम्ही एअरपोर्टवर हवे होता." विश्वंभरराव खूश झाले.

पण या सगळ्या कडेकोट बंदोबस्ताखाली त्यांचा एक हेतू दडलेला होता, आणि तो त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. चैत्रात डॉक्टरांनी शालिनीताईंच्या डोक्याचे फोटो दिव्यासमोर धरून सांगितले होते की हा विसर आता वाढतच जाणार. आधी चहात दोनदा साखर पडायची, मग गॅस चालू राहायला लागला. भाद्रपदात एकदा त्या रिक्षात बसून रावपुऱ्यात गेल्या आणि वीस वर्षांपूर्वी विकलेल्या माहेरच्या घराची कडी वाजवत बसल्या. अवनी कॅनडाहून फोनवर रडली. विश्वंभररावांनी तिलाही सांगितले, की यातले काही सोसायटीत कळता कामा नये. लोक कीव करतात, आणि कीव शालिनीला सोसायची नाही. चाळीस वर्षे ती आठमीला मधल्या फेरात नाचली होती. सगळ्या गुजराती बायका तिच्या तीन टाळ्यांवर पाय जुळवत. पावले तिला अजून विसरली नव्हती, स्वयंपाकघरात ती एकटी ताल धरताना त्यांनी पाहिली होती. यंदाची आठम तिला सुखरूप मिळावी, धक्काबुक्कीशिवाय, एवढेच त्यांना हवे होते. पुढच्या वर्षी काय असेल, ते त्यांना विचारवत नव्हते.

तर यादी तपासायचे काम सुरू झाले. बी विंगमधल्या एकाने तीन मोबाइलवरून स्वतःलाच तीनदा भरले होते. एकाने पाहुण्यांना भाचे केले होते, आणि भाचे निघाले अकरा. विश्वंभरराव लाल रेघ मारत चालले होते. आणि मग त्यांना स्वतःचेच घर दिसले. तीनशे चार. विश्वंभर, शालिनी, ही नावे त्यांनीच भरली होती. खाली तिसरे नाव होते, इंग्रजी अक्षरांत नुसतेच 'कौमुदी'. आणि फोनच्या जागी पाच आकडे.

पाच आकडे! खोटा नंबर द्यायचा तोही धड नाही. म्हाताऱ्यांच्या घरातल्या जागा रिकाम्या असतात हे हेरून बाहेरचे लोक त्यांचे घर नंबर घालतात, हे त्यांना मागच्या वर्षीच कळले होते. पण थेट पासवाल्याच्याच घराचा नंबर? त्यांचे टाळके सणकले. नाव वाचताना मनात काहीतरी जरासे अडखळले होते, नाही असे नाही. पण समोर अजून साठ नावे होती. त्यांनी नाव रद्द केले आणि सगळ्यांना जरब बसावी म्हणून ग्रुपवर गुजरातीत लिहिले, "तीनशे चारमध्ये कौमुदी नावाचं कोणी राहत नाही. खोटी नावं भरणाऱ्यांनी लाज बाळगावी." त्याला बावन्न जणांचे पसंतीचे अंगठे आले.

आठमीला संध्याकाळी त्यांनी शालिनीताईंना हिरवी चणिया-चोळी घालायला मदत केली, केसांत गजरा माळला. त्या आरशात बघून लाजल्या. शेजारच्या सुहासिनीबेन त्यांना घेऊन येणार होत्या, कारण विश्वंभररावांना सातपासूनच दारावर उभे राहायचे होते. शालिनीताईंचा पास विश्वंभररावांच्याच फोनमध्ये होता. म्हटले, आली की आपणच दाखवू.

आठ वाजता रांग लागली. देवश्री स्कॅन करी, मनगटावर कागदी पट्टी बांधी आणि आत सोडी. तीन जण लाल निघाले, हुज्जत घालून परत गेले. काम चोख चालले होते. विश्वंभरराव पाणी प्यायला बाजूला झाले, तेवढ्यात देवश्रीची हाक आली, "काका, जरा आवो ने."

टेबलापुढे शालिनीताई उभ्या होत्या. सुहासिनीबेन मागे बावरलेल्या.

"काका, काकू म्हणतात माझं नाव यादीत बघ. मी यादीतलं शालिनी नाव दाखवलं, तर म्हणतात ते नाही." देवश्रीने आवाज खाली आणला. "कौमुदी म्हणतात. ते तर तुम्ही रद्द केलंय."

विश्वंभररावांनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

लग्नाच्या पत्रिकेवर ते नाव होते. त्याआधी शाळेच्या दाखल्यावर असेल. माहेरी तिला सगळे बेबी म्हणत, म्हणून कानावर कधी पडले नाही. आणि लग्नात त्यांनीच अंगठीने ताटातल्या तांदळांवर 'शालिनी' लिहिले होते. त्यांच्या आईला ते नाव आवडायचे म्हणून. नवरीला कोणी विचारले नव्हते, तेव्हा विचारत नसत. बेचाळीस वर्षांत त्यांना एकदाही त्या नावाची आठवण झाली नव्हती. आणि ते पाच आकडे रावपुऱ्याच्या घरातल्या जुन्या फोनचे. लग्न ठरल्यावर त्यांनी स्वतः तो नंबर कितीदा फिरवला होता. तिने अवनीने पाठवलेल्या टॅबवर बसून, कोणाला न विचारता, आपला फॉर्म आपण भरला होता. तिचे खरे, शेवटपर्यंत शाबूत राहिलेले नाव तिने दिले होते, आणि त्यांनी तिला खोटारडी ठरवून चारशे लोकांत लाज बाळगायला सांगितले होते.

"अगं, तुझा पास आहे माझ्याकडे," ते म्हणाले. त्यांनी फोन पुढे केला. "हा बघ. शालिनी सबनीस. चल आत."

शालिनीताईंनी फोनकडे पाहिले, मग शांतपणे नकारार्थी मान हलवली. "हा दुसऱ्या बाईंचा आहे. दुसऱ्याच्या नावावर आत जायचं नाही."

मागची रांग कुजबुजू लागली. कोणीतरी "जवा दो ने, काका, सोडा आत" म्हणाले. आत ढोल सुरू झाला होता आणि शालिनीताईंचे पाऊल चपलेतल्या चपलेत ठेका धरत होते, पण त्या दोरीच्या पलीकडे जाईनात. बेचाळीस वर्षे ऐकलेला नियम त्या पाळत होत्या. नियम करणाऱ्याचा चेहरा तेवढा आठवत नव्हता.

"नवा पास काढ, कौमुदी नावाचा," विश्वंभरराव म्हणाले.

"चारशे भरलेत काका. एक रद्द केल्याशिवाय घेत नाही." देवश्रीने त्यांच्याकडे बघायचे टाळले. "कोणाचा करू?"

आधी त्यांना वाटले, माझा कर. पण मग एकाच बाईचे दोन पास राहिले असते. एका माणसाला एकच पास, हे त्यांचेच तर म्हणणे. आणि दोघींपैकी दारात कोण उभे होते, हे तर दिसतच होते.

"दे, मी करतो," ते म्हणाले.

शालिनी सबनीस, तीनशे चार. त्यांनी नावावर बोट ठेवले. खात्री आहे का, असे फोनने विचारले. त्यांची खात्री नव्हती, तरी त्यांनी हो दाबले. नाव राखाडी झाले आणि पुढे 'रद्द' आले. मग त्यांनी रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर शोधत 'कौमुदी' लिहिले. तांदळांवरही त्यांनी असेच एकेक अक्षर लिहिले होते, पण तेव्हा आजूबाजूला सगळे हसत होते.

हिरवी खूण आली. पट्टी त्यांनी स्वतः बांधली.

शालिनीताई आत गेल्या. मधल्या फेरातल्या बायकांनी हात धरून त्यांना ओढून घेतले, आणि तीन टाळ्या बरोबर तालात पडल्या. विश्वंभरराव दाराशी खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि ग्रुपवर लिहिले, "तीनशे चारमध्ये कौमुदी राहते. ती माझी बायको आहे. तिला सध्या आठवत नाही. चूक माझी होती, लाज मला वाटली पाहिजे." या वेळी एकही अंगठा आला नाही. सुहासिनीबेनने फक्त हात जोडल्याची खूण टाकली.

थोड्या वेळाने वाद्ये थांबली. शालिनीताई घामेजलेल्या, हसऱ्या चेहऱ्याने दोरीपाशी आल्या आणि मनगट पुढे केले.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही पट्टी फार घट्ट झालीय. जरा सैल करता?"

बायको नवऱ्याला अहो म्हणते, आणि रस्त्यावरच्या परक्या माणसालाही अहोच म्हणतात. यातले हे कोणते, ते त्यांना कळेना. त्यांनी विचारले नाही. पट्टी सैल केली, सुटणार नाही एवढी.