लोणच्याची फोड

बंगळूरच्या क्वार्टरमध्ये मी स्वयंपाकघराला कुलूप लावायचे. यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त गाळून जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर टाकणं त्यांना जमत नव्हतं, त्यामुळे प्यायलेलं पाणी आधी पायांत आणि मग फुफ्फुसांत साचायचं.

दवाखान्यात डायलिसिसच्या आधी यांचं वजन करायचे. एकदा ते भलतंच वाढलेलं निघालं.

"मी काही प्यायलो नाही," हे म्हणाले.

"मग काय वाऱ्याने फुगलात?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

घरी आल्यावर सासूबाई बोलल्या. लेकाला अळणी जेवण जाईना, म्हणून त्या भाताखाली लोणच्याची फोड लपवून द्यायच्या. "पाणी तर नाही ना दिलं मी?"

धड मूत्रपिंडं असती तर तेवढं मीठ लघवीतून गेलं असतं. यांचं रक्तातच राहिलं आणि तहान भडकली. हे आंघोळीच्या बादलीतलं पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवसापासून हे न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करू लागले. सासूबाई समोर स्टूल टाकून बसायच्या आणि लेकाचं तोंड मिटलेलं आहे ना, ते बघायच्या.